बीकडून जुळलं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे बीकाका म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, हे कुठलं तरी आडनाव असेल. आडनाव कुठलं, ती त्यांची खोड होती. आडव्या बीमला दोन आधार असले की आम्ही कागदावर डावीकडच्याला ए म्हणतो आणि उजवीकडच्याला बी. जगातले सगळे इंजिनिअर हिशेब ए पासून सुरू करतात, कारण माणूस आळशी असतो आणि डावीकडून वाचायची त्याला सवय असते. तपासायला आलेला कागद घेऊन बीकाका मात्र बी वर जाऊन बसायचे. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे त्यांचं पुटपुटणं मला फुकटात ऐकायला मिळायचं. फुकट असलं तरी एखाद्या दिवशी ते महागात पडल्यासारखंच वाटायचं.

स्ट्रक्चरचा हिशेब दिसतो तेवढा अवघड नसतो, आणि आमच्या साहेबांना वाटतो तेवढा सोपाही नसतो. बीमवर वजनं आहेत, खाली दोन आधार आहेत, तर कोणता आधार किती टन उचलून धरतो एवढंच काढायचं. ए भोवती मोमेंट घ्यायची, म्हणजे प्रत्येक वजन गुणिले त्याचं ए पासूनचं अंतर, आणि कोण कुठल्या बाजूला फिरवतंय ते पाहायचं. त्यातून बी चा आकडा मिळतो. मग एकूण वजनातून बी वजा केला की उरला तो ए. झालं काम. यानंतर पोरं काय करतात, तर ए आणि बी ची बेरीज करतात, ती एकूण वजनाएवढी येते, आणि शेजारी मोठ्या डौलात बरोबरची खूण करतात. अरे, वजाबाकी करून काढलेला आकडा परत मिळवला तर जुळणारच की. आपणच खिशात घातलेलं नाणं खिशातून काढायचं आणि सापडलं म्हणून नाचायचं, त्यातला हा प्रकार.

बीकाका त्या खुणेकडे बघतसुद्धा नसत. ते म्हणायचे, बेरीज खोटं बोलत नाही, पण ती खरंही सांगत नाही, ती नुसती मान हलवते. मग ते बी भोवती मोमेंट घ्यायचे. बीम खरोखरच स्थिर असेल तर कुठल्याही बिंदूभोवती घ्या, एका बाजूला फिरवणारं आणि दुसऱ्या बाजूला फिरवणारं सारखंच यायला हवं. ए भोवती घेताना झालेली चूक ए भोवतीच परत घेऊन सापडत नाही, ती दुसरीकडून बघितली की उघडी पडते. आणि अंतरं पोराच्या कागदावरची घ्यायची नाहीत, ती पुन्हा ड्रॉइंगवरून घ्यायची. हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी आम्हा सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता.

ते शिकवायचे तेसुद्धा उभं राहून. म्हणायचे, बी वर जाऊन उभा राहा. मनाने जा, पण जा. डावीकडे बघ, उजवीकडे बघ. कोण तुला कुठे फिरवतंय ते अंगाला कळलं पाहिजे. आणि मग दोन्ही हात पसरून ते ऑफिसच्या मधोमध उभे राहायचे, डावा हात खाली, उजवा वर. चहा आणणारा माणूस त्यांना वळसा घालून जायचा.

ही खोड त्यांना वडिलांकडून आली होती. वडील एका धान्याच्या वखारीत तराजूवर होते. वजन झालं की ते माप आणि माल यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचे. तराजूचा एक दांडा केसभर लांब असेल तर एका बाजूने सगळं बरोबर दिसतं, अदलाबदल केली की लबाडी कळते. गिऱ्हाईक कुरकुरायचं, मालक चिडायचा, वडील तोलत राहायचे. बीकाका हे सांगताना हसायचे आणि म्हणायचे, आमच्या घराण्यात कुणाला एकदा तोलून समाधान म्हणून नाही. त्यांची बायको म्हणायची, कुलूप लावून दोनदा ओढतात, आणि मग मला ओढायला लावतात. ती हे कौतुकाने सांगते की वैतागून, ते मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी, की पुढे जे झालं ते एखाद्या बेफिकीर माणसाच्या हातून झालं असतं तर मी त्याला चार शिव्या घालून विसरले असते.

एका कारखान्यात पाण्याच्या टाकीसाठी आणि पंपासाठी वर एक माची बांधायची होती. काम छोटं होतं. बीमचं डावं टोक भिंतीतल्या ब्रॅकेटवर टेकलेलं, तो ए. तिथून सहा मीटरवर लोखंडी कॉलम, तो बी. कॉलमच्या पुढे बीमचा तीन मीटरचा तुकडा मोकळ्यावर, माणसाला चालायला. पंप आणि त्याचा चौथरा मिळून दोन टन, ते ए आणि बी च्या बरोबर मध्ये. टाकी भरल्यावर चार टन. पहिल्या ड्रॉइंगमध्ये टाकीसुद्धा आतच होती, कॉलमपासून तीन मीटर आत, पंपाच्या शेजारी. मग कारखान्याच्या मालकाला पंपाभोवती दुरुस्तीसाठी मोकळी जागा हवी झाली. त्याने टाकी बाहेर सरकवली, कॉलमपासून तीन मीटर बाहेर, मोकळ्या टोकावर. नवीन ड्रॉइंग आलं. त्यावरही आकडा तीनच होता.

हिशेब केला आमच्याकडच्या एका तरुण इंजिनिअरने. त्याला आम्ही रॉकेट म्हणायचो, सुटला की थांबायचा नाही. त्याच्या डोक्यात जुनीच टाकी होती. त्याने नवीन ड्रॉइंग समोर ठेवून तीन मीटर वाचले आणि आतल्या बाजूला लावले. ए भोवती मोमेंट: दोन गुणिले तीन, अधिक चार गुणिले तीन, अठरा. भागिले सहा, म्हणजे बी तीन टन. उरला ए, तोही तीन टन. बेरीज सहा. एकूण वजन सहा. खूण.

कागद बीकाकांकडे आला. त्यांनी खुणेकडे पाहिलं नाही. ड्रॉइंग उघडलं, कारण नियम म्हणजे नियम. बी पासून टाकीचं अंतर वाचलं, तीन. पंपाचं वाचलं, तीन. मग बी भोवती मोमेंट घेतली. ए चे तीन टन गुणिले सहा, अठरा. पंपाचे सहा, टाकीचे बारा, मिळून अठरा. अठरा बरोबर अठरा. मला आठवतं, ते म्हणाले, अगं, किती सुबक जुळलंय बघ. मी पाहिलं नाही. मला माझं काम होतं. त्यांनी सही केली.

ए तीन टनांनी ब्रॅकेटवर दाबून बसणार, असं कागद म्हणत होता. जे दाबून बसतं त्याला कोण कशाला बांधेल? म्हणून ड्रॉइंगमध्ये तिथे दोन बारीक बोल्ट दाखवले, नुसतं टोक बाजूला सरकू नये एवढ्यापुरते. वेल्डरने ड्रॉइंगप्रमाणे दोन बारीक बोल्ट बसवले.

टाकी रिकामी होती तोवर माची उभी होती. कारखान्याचे लोक वर चढून फोटोसुद्धा काढून आले. पहिल्यांदा पाणी भरायला सुरुवात झाली तेव्हा पंप चालवणारा माणूस टाकीजवळ उभा होता, झाकण उघडून आत किती आलंय ते बघत. टाकी अर्ध्याच्या वर गेली. भिंतीकडचं टोक उचलायला लागलं. बोल्टांनी थोडा वेळ धरलं, मग ते भिंतीतून निघाले. सगळी माची कॉलमवर सी-सॉसारखी फिरली आणि टाकीकडचं टोक खाली आलं. तो माणूस टाकीखाली सापडला. तो जागीच गेला, दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

पोलिसांना भिंतीतून उपटलेले दोन बोल्ट दिसले. त्यांनी वेल्डरला धरलं. बोल्ट त्याने बसवले होते, बोल्ट निघाले, यापुढे विचार करायला कुणाला वेळ होता? तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, की ड्रॉइंगमध्ये जे होतं तेच मी लावलं. त्याचं कोण ऐकणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण काही हवेतून आलेली नाही.

चौकशी नेमली गेली. आमच्या साहेबांनी हिशेबाचा कागद बाहेर काढला तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बेरीज जुळलेली. बी भोवतीची मोमेंट जुळलेली. खाली बीकाकांची सही. साहेब म्हणाले, दोन वेगळ्या मार्गांनी तपासलेला हिशेब आहे, अजून काय हवं? चौकशीच्या इंजिनिअरनेही कागद चाळला, अठरा बरोबर अठरा पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. जुळलेल्या आकड्यांचं एक मोठं वाईट असतं, ते माणसाला पुढे बघूच देत नाहीत. डिझाइनमध्ये दोष नाही, जोडणीत आहे, असंच सगळं चाललं होतं. बीकाकांनाही तसंच वाटत होतं. ते वेल्डरबद्दल हळहळले, पण म्हणाले, बोल्टला भिंतीत नीट धरून बसवायला काय झालं होतं त्याला?

मग साहेबांनी आम्हा दोघांना जागेवर पाठवलं, बोल्टांच्या भोकांचे फोटो आणायला. भोकं उथळ दिसली तर वकिलाला बरं पडणार होतं.

कारखाना बंद होता. माची तशीच पडलेली, टाकी फुटून आडवी झालेली. कॉलम तेवढा वाकून उभा होता. मी भिंतीकडे जाऊन भोकं मोजली. ती ड्रॉइंगप्रमाणे होती, उथळ नव्हती. ते सांगायला मी मागे वळले, तर बीकाका कॉलमला टेकून उभे होते. सवयीने त्यांनी दोन्ही हात पसरले. डावीकडे पंप, डावा हात खाली. मग त्यांनी टाकीकडे बघायला मान वळवली, आणि मान उजवीकडे गेली.

त्यांचे हात तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले. मी जवळ गेले तर ते म्हणाले, "अगं, टाकी इकडे आहे."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हटलं, पडताना घरंगळली असेल. ते म्हणाले, नाही, ती इकडेच होती, ड्रॉइंगमध्येही इकडेच आहे, तीन मीटर. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि ज्या पाकिटातून ड्रॉइंग आणलं होतं त्याच्यावर हिशेब मांडला. बी भोवती: ए चे अठरा ज्या बाजूला फिरवतात, त्याच बाजूला आता टाकीचे बाराही फिरवत होते. विरुद्ध बाजूला एकट्या पंपाचे सहा. शून्य यायला हवं होतं, चोवीस आले. मग खरा हिशेब केला. ए भोवती टाकी तीन नाही, नऊ मीटरवर. बे त्रिक सहा, चार नवे छत्तीस, बेचाळीस, भागिले सहा, बी सात टन. एकूण वजन सहा आणि बी सात, म्हणजे ए उणे एक. भिंतीने ते टोक उचलून धरायचं नव्हतंच. एक टनाने ओढून खाली धरायचं होतं. दोन बारीक बोल्टांनी आणि जुन्या विटांनी.

सात उणे एक, सहा. बेरीज याही वेळी सहाच आली होती. त्यांनी त्या सहाखाली रेघ ओढली, आणि पेन मला परत द्यायचं ते विसरले.

मी बोलून गेले की चूक रॉकेटची आहे, तुम्ही तर नियमाने ड्रॉइंगवरून अंतर घेतलं होतं. मला त्यांचा बचाव करायचा होता. ते म्हणाले, अंतर घेतलं, बाजू घेतली नाही. बेरजेच्या खुणेला मी जन्मभर हसलो आणि माझ्या अठराला भुललो.

साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांनी दार लावलं, पाणी मागवलं, आणि अगदी मायेने समजावलं. बोल्ट निघाले हेही खरंच आहे ना? विचारलं तर सांगू, आपण होऊन कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय सही तुमची आहे काका, माझी नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी मायेने म्हटलं नव्हतं. रॉकेट कोपऱ्यात उभा होता, रडवेला. तो काही बोलणार होता, पण साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. आजही तो कुठेतरी हिशेब करत असेल, आणि मला त्याचा राग येतो, आणि मग येत नाही.

घरी बायकोने विरोध केला. तिनेच मला नंतर सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली होती, गेलेला माणूस काही परत येणार नाही. त्यावर ते म्हणाले, आत बसलेला येईल. मग ती म्हणाली, आणि तुम्ही? तुम्ही आत जाल त्याचं काय? त्या रात्री त्यांनी कुलूप एकदाच लावलं, ओढून पाहिलं नाही. तिला तेव्हा भीती वाटली, असं ती म्हणाली.

चौकशीच्या खोलीत एक फळा होता. बीकाकांनी विचारून खडू घेतला आणि बीम काढला. पहिल्यांदा टाकी आत काढली, रॉकेटच्या कागदासारखी, आणि अठरा बरोबर अठरा लिहिलं. मग टाकी पुसून कॉलमच्या पलीकडे काढली. आकडे तेच ठेवले, फक्त अधिक-उणेच्या खुणा बदलल्या. चोवीस. चौकशीच्या इंजिनिअरने चष्मा काढला. ज्या पानावरून ते पुढे गेले होते ते पान त्यांनी पुन्हा उघडलं. मग त्यांनी विचारलं की हे तुम्ही तपासलं होतं ना. बीकाका म्हणाले, हो, मीच तपासलं होतं, आणि बोल्ट वेल्डरने ड्रॉइंगप्रमाणेच लावले होते, भोकं या बाईंनी मोजली आहेत. मी उभं राहून हो म्हटलं. साहेब माझ्याकडे बघत होते. बघू देत म्हटलं.

वेल्डर सुटला. आमच्या ऑफिसच्या दारात एकदा तो बीकाकांच्या समोर आला आणि त्यांच्या अंगावरून निघून गेला, जसा एखादा खांबाच्या बाजूने जातो. आभार कशाचे मानायचे त्याने? कोठडीत त्याचा उजवा हात मोडला होता, आणि मोडलेल्या हाताने वेल्डिंग होत नाही. बीकाकांचा सहीचा अधिकार गेला, खटला अजून चालू आहे. साहेबांनी हात झटकून ऑफिसच्या पाटीवरचं नाव बदललं. मी दुसरीकडे काम करते. तिथे मी तपासणीवर आहे, आणि आकड्यांना हात लावायच्या आधी मी प्रत्येक वजनाला बाण काढते, ते फिरवतंय कुठे याचा. पोरं मला हसतात. हसू देत.

पण मला विसरता येत नाही ते त्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावरचं. पंपवाल्याची बायको तिथे बसली होती, भावाला सोबत घेऊन. आत काय झालं ते तिने दारातून ऐकलं होतं, पण त्यातलं तिला काय कळणार. बीकाका बाहेर आले. हाताला खडू लागलेला होता. ते तिच्या समोर जाऊन उभे राहिले. खडूचा हात त्यांनी सदऱ्याला पुसला. तीच आधी बोलली.

"सगळे म्हणत होते, दोनदा तपासलंय. मग तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं, ताई," ते म्हणाले. "बी वर जाऊन उभा राहिलो होतो, जिथून सगळं दिसतं तिथे. पण टाकीकडे माझी पाठ होती."

बी म्हणजे काय हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "आणि हे? हे कुठल्या बाजूला होते?"

"टाकीच्या," बीकाका म्हणाले.

तिने मान हलवली आणि ती भावाला म्हणाली, चल.